विनंती नव्हे, वजावट

९ जूनच्या सकाळी अण्णांनी दुकानाच्या लेटरपॅडवर एक पत्र लिहिलं आणि शुद्धलेखन बघायला माझ्याकडे दिलं. मी तेव्हा बार्शीला घरूनच काम करत होतो. पत्र असं होतं:

“सा. न. वि. वि. काल आपल्याकडून आलेल्या शेवेच्या तीन पेट्यांवर तारीख जवळची असल्याचे आढळले. आपले आमचे संबंध जुने आहेत. तरी शक्य झाल्यास काही माल परत घेऊन अथवा काही रक्कम कमी करून सहकार्य करावे, ही नम्र विनंती. कृपया विचार व्हावा. कळावे, लोभ असावा.”

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. चूक पत्राच्या जातीत होती. चार वाक्यांत किती पाकिटं, कोणत्या बॅचची, कोणत्या तारखेची, किती रुपयांची, यातलं काहीच नव्हतं. होता तो फक्त लोभ. ज्याचं नुकसान झालंय तोच माणूस, ज्याच्यामुळे झालं त्याच्याकडे उपकार मागत होता. मी ते पत्र फाडलं नाही, पण पाठवूही दिलं नाही. त्यावरून आमच्यात दुपारपर्यंत वाद झाला. त्या वादातली माझी बाजू मला इथे नीट मांडायची आहे, कारण माझ्या मते हा प्रश्न आमच्या दुकानापुरता नाही.

आधी हिशोब सांगतो. त्याशिवाय बाकीचं बोलणं पोकळ राहील.

शेवेच्या २०० ग्रॅमच्या पाकिटाची एमआरपी ५५ रुपये. आम्हाला ते एरवी ५० ला पडतं. आमच्याकडे दिवसाला सरासरी दोन पाकिटं जातात, म्हणजे महिन्याला ६०, म्हणजे ३० पाकिटांच्या दोन पेट्या. ६ जूनला सेल्समन आला आणि म्हणाला, “अण्णा, तीन पेट्या घेतल्या तर ४८ लावतो, स्कीम आजच संपतेय.” अण्णांनी तीन पेट्या लिहून दिल्या. पाकिटामागे दोन रुपये, ९० पाकिटांवर १८० रुपये वाचणार होते. जी वस्तू रोज खपते तिचा दीड महिन्याचा साठा करणं हा काही जुगार नव्हे.

८ जूनला माल आला. पाकिटाचं एकूण आयुष्य १२० दिवसांचं. पॅकिंग २ मार्चचं, मुदत ३० जूनपर्यंत. म्हणजे ९८ दिवस ते पाकीट कुठल्या तरी गोदामात काढून आलं होतं आणि आमच्या वाट्याला उरले होते २२. बिल ९० पाकिटांचं, ४,३२० रुपयांचं, १५ दिवसांच्या उधारीवर.

आता २२ दिवस गुणिले दोन पाकिटं म्हणजे ४४ खपतील, असं कागदावर वाटतं. दुकानात तसं होत नाही. शेवटच्या चार-पाच दिवसांत गिऱ्हाईक पाकीट उलटून तारीख बघतं आणि परत ठेवतं. म्हणून खरे विक्रीचे दिवस १७ धरा, पाकिटं ३४. उरली ५६. त्यांची खरेदी किंमत २,६८८ रुपये. स्कीमचा ४८ चा दर धरला तरी अण्णांना एका पाकिटामागे सातच रुपये सुटतात. म्हणजे हे २,६८८ रुपये भरून काढायला ३८४ पाकिटं विकावी लागतील. आमच्या खपाच्या वेगाने ती सहा महिन्यांहून अधिक काळाची विक्री झाली. अर्धं वर्ष शेव विकायची ती फक्त या तीन पेट्यांची भरपाई म्हणून. १८० रुपयांच्या सवलतीची ही किंमत.

हा हिशोब मी अण्णांना मांडून दाखवला तेव्हा ते म्हणाले, “मला माहितीये. म्हणूनच तर पत्र लिहिलं.”

“मग हे पत्रात का नाही?”

“असं आकडे मांडून मागितलं की भांडण वाटतं.”

माझा सगळा राग या एका वाक्यावर आहे. आकडे मांडणं म्हणजे भांडण, आणि आकडे गिळून नमस्कार घालणं म्हणजे व्यवहार, हे आपल्या दुकानदारांना कुणी शिकवलं? डिस्ट्रिब्युटर बिल पाठवतो तेव्हा त्यात पैशापर्यंत आकडे असतात. पंधराव्या दिवशी वसुलीला माणूस येतो तेव्हा तो लोभ मागत नाही, ४,३२० रुपये मागतो. त्याला आपण भांडखोर म्हणत नाही. हिशोब वरून खाली आला तर व्यवहार आणि खालून वर गेला तर उद्धटपणा, असा हा रिवाज आहे.

यात एका शब्दाचाही वाटा आहे. आम्ही जे मागत होतो त्याला धंद्यात क्रेडिट नोट म्हणतात. पण दुकानात ‘क्रेडिट’ म्हणजे उधारी. ‘क्रेडिट मागायचंय’ म्हटलं की अण्णांच्या डोळ्यांपुढे महिनाअखेरीला वही घेऊन उभं राहणारं गिऱ्हाईक येतं, आणि त्या जागी स्वतःला उभं करायची त्यांना लाज वाटते. खरं तर क्रेडिट नोटचा उधारीशी संबंध नाही. डिस्ट्रिब्युटरच्या वहीत आमच्या नावे ४,३२० रुपये पडले आहेत, त्यातली चूक दुरुस्त करून इतकी रक्कम आमच्या खाती जमा करा, एवढाच तिचा अर्थ. ती मागणी नसून वजावट आहे. आणि वजाबाकीसाठी कुणी कुणाच्या पाया पडत नाही.

आता ९८ दिवस जुनं पाकीट आमच्याचकडे का आलं, याबद्दल. अण्णांचं मत होतं की चुकून आलं असेल. मला माहीत होतं की चुकून आलेलं नाही. डिस्ट्रिब्युटर लोकांना लागणारी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत मी दोन वर्षं काम केलं आहे. ऑर्डर आली की गोदामातल्या कोणत्या बॅचमधून माल द्यायचा हे तिथे प्रोग्रॅम ठरवतो. त्याचा गाभा साधारण असा असतो:

```python
for b in sorted(batches, key=lambda b: b.expiry):
    if b.days_left >= customer.min_days:
        allocate(b)
```

पहिली ओळ सांगते की ज्या बॅचची मुदत सर्वांत आधी संपते ती सर्वांत आधी पाठव. नियम म्हणून हा चांगलाच आहे. नवा माल आधी गेला तर जुना गोदामात सडेल. गोंधळ दुसऱ्या ओळीत आहे. `min_days` म्हणजे या गिऱ्हाइकाला माल देताना किमान किती दिवस उरलेले असले पाहिजेत, तो आकडा. तो प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळा भरता येतो. मोठ्या सुपरमार्केट साखळ्या तो आकडा खरेदीच्या करारातच घालतात आणि त्यापेक्षा कमी दिवसांचा माल आला तर त्यांच्या गोदामाच्या दारातूनच टेम्पो परत जातो. म्हणून त्यांच्यासाठी तो रकाना काळजीपूर्वक भरलेला असतो. किराणा दुकानासाठी तो कुणी भरत नाही. आणि न भरलेल्या रकान्यात आपोआप जे पडतं ते शून्य.

या दोन ओळी एकत्र वाचल्या की काय होतं बघा. ज्यांच्यापुढे आकडा आहे त्यांना जुनी बॅच जाऊच शकत नाही. ती क्रमाने पहिली असते, पण त्यांच्या अटीत बसत नाही, म्हणून मागे राहते. मग ती जाते शून्यवाल्याकडे. तिथे कुणी वाईट माणूस बसून बार्शीच्या दुकानदाराला फसवूया म्हणत नाही. शून्य आहे म्हणून माल येतो, इतकं ते साधं आहे. तो शून्य टाकणाऱ्यांत मीही होतो. माझ्या कामाच्या यादीत ‘रिकामा रकाना आला तर प्रोग्रॅम बंद पडतो’ अशी तक्रार होती, मी तिथे शून्य टाकला आणि यादीतून ती ओळ खोडली. पाच मिनिटांचं काम होतं. त्या शून्यात माझ्याच बापाचं दुकान येतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

म्हणून ‘चुकून आलं असेल’ हे मला मान्य नाही, आणि ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे डिस्ट्रिब्युटरचं नेहमीचं उत्तर तर मुळीच नाही. ज्या यंत्राने बॅच निवडली त्याने ती तारीख बघूनच निवडली. फक्त आमच्या बिलावर ती छापली नाही. बिलावर मालाचं नाव होतं, नग होते, दर होता, स्कीम होती, कर होता. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर असलेली तारीख घेणाऱ्याच्या कागदावर येईपर्यंत गळून पडते.

कायदा काय म्हणतो? अन्नसुरक्षा कायदा २००६ सालचा. त्याच्या कलम २७ प्रमाणे मुदत संपलेला पदार्थ पुरवला तर घाऊक व्यापारी जबाबदार आणि विकला तर दुकानदार जबाबदार. म्हणजे ३० जूनपर्यंत डिस्ट्रिब्युटर मोकळा आणि १ जुलैपासून जबाबदारी अण्णांची. मुदत उलटून एक दिवस जरी माल गेला असता तरी जबाबदारी त्याची असती. २२ दिवस आधी पाठवला की हात झटकता येतात.

आयुष्य किती उरलेलं असावं, याचा विचार आपल्या कायद्यांनी केलेलाच नाही असं नाही. परदेशातून येणाऱ्या अन्नपदार्थांसाठी २०१७ च्या नियमांत अट आहे: एकूण आयुष्याच्या ६० टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढं उरलेलं नसेल तर तो माल कस्टममधून सुटत नाही. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ च्या नोव्हेंबरात सांगितलं की गिऱ्हाइकाच्या हातात पडताना ३० टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. आमच्या शेवेचं उरलं होतं १८ टक्के. म्हणजे बंदरातल्या कंटेनरला आकडा आहे, मोबाइलवरून मागवणाऱ्या गिऱ्हाइकाला आकडा आहे, गल्लीतल्या किराणा दुकानाला मात्र तो मिळालेला नाही. इथेही शून्यच.

पण हात अगदीच रिकामे नाहीत. १९३० चा माल विक्री कायदा अजून लागू आहे. त्याच्या कलम १६ चा आशय असा की विकणाऱ्याला घेणाऱ्याचा हेतू माहीत असेल आणि घेणारा त्याच्या धंद्यातल्या जाणकारीवर विसंबून असेल, तर माल त्या हेतूला योग्य असला पाहिजे. आमचा हेतू पुन्हा विकण्याचा. तो डिस्ट्रिब्युटरला माहीत आहे, इतकंच काय, आम्ही महिन्याला ६० पाकिटंच घेतो हा इतिहास त्याच्याच संगणकात आहे. महिन्याला ६० खपवणाऱ्याला २२ दिवसांत ९० खपवायला देणं योग्य नाही, असा वाद यावरून नक्की घालता येतो. आणि कलम ४१ व ४२ म्हणतात की तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत माल स्वीकारला असं धरत नाहीत. मात्र वाजवी मुदत उलटून गेली तरी नाकारल्याचं न कळवता तो ठेवून घेतला, तर स्वीकारला असंच धरतात.

२,६८८ रुपयांसाठी कुणी कोर्टात जाणार नाही, हे मलाही कळतं. कलमांचा उपयोग वेगळा आहे. पत्र कधी आणि कसं लिहायचं ते त्यांच्यावरून ठरतं. बहुतेक दुकानदार ते पत्र मुदत संपत आल्यावर, माल अंगावर पडल्यावर लिहितात. तोवर तीन आठवडे गेलेले असतात, अर्धी पाकिटं विकलेली असतात, आणि मग उरलेली डिस्ट्रिब्युटरच्याही कामाची नसतात. तेव्हा विनंतीच करावी लागते, कारण बोलायला दुसरं काही उरलेलंच नसतं. दुसऱ्या दिवशी लिहिलं तर माल अजून विकण्याजोगा असतो. तो परत घेऊन ज्याचा खप जास्त आहे त्याला देणं शक्य असतं. तेव्हा ते पत्र हिशोबाचं असू शकतं.

टेम्पोतून माल उतरतानाच का बघितलं नाही, असं कुणी विचारेल. मीही अण्णांना तेच विचारलं. टेम्पोवाला पोरगा रस्त्यात गाडी उभी करतो, मागून हॉर्न वाजत असतात, दुकानात गिऱ्हाईक असतं, पेट्यांना टेप असते आणि पोरगा म्हणतो, “काका, सही करा पटकन, अजून दहा दुकानं आहेत.” सही होते. तारखेचा शिक्का पेटीच्या ज्या बाजूला असतो ती बाजू भिंतीकडे जाते. तरीही मान्य, बघायला हवं होतं. आता आमच्याकडे एक नियम आहे: सहीच्या खाली अण्णा ‘माल तपासणे बाकी’ असं लिहितात. त्याला पाच सेकंद लागतात. पहिल्या दिवशी पोराने तोंड वाकडं केलं, आता तोच पेन पुढे करतो.

शेवटी जे पत्र गेलं ते हे. मायना अण्णांचा, मजकूर माझा, सही अण्णांची.

“सा. न. वि. वि. आपल्या ८ जूनच्या बिलाने शेव २०० ग्रॅमची ९० पाकिटे दर रु. ४८ प्रमाणे मिळाली. तिन्ही पेट्या एकाच बॅचच्या असून पॅकिंग २ मार्च, मुदत ३० जून आहे. मिळाल्या दिवशी १२० पैकी २२ दिवस शिल्लक होते. ऑर्डर घेताना ही तारीख आम्हास सांगितली नव्हती. बिलावरही ती नाही. पेट्यांवरील व पाकिटांवरील शिक्क्यांचे फोटो सोबत आहेत.

आमचा खप दररोज दोन पाकिटांचा आहे. २५ जूनपर्यंत ३४ पाकिटे विकली जातील, ती आम्ही ठेवून घेत आहोत. उरलेली ५६ पाकिटे आम्ही स्वीकारलेली नाहीत. ती वेगळी काढून ठेवली आहेत. ती १२ जूनपर्यंत नेऊन रु. २,६८८ ची क्रेडिट नोट द्यावी. बिलाची बाकी रक्कम रु. १,६३२ ठरल्या दिवशी देण्यात येईल.

माल नेण्याऐवजी तो आम्हीच कमी किमतीत विकावा अशी आपली इच्छा असल्यास, पाकिटामागे किती रक्कम जमा करणार ते लेखी कळवावे. यापुढे प्रत्येक बिलावर मुदतीची तारीख छापावी. कळावे.”

यात शिव्या नाहीत, धमकी नाही, कलमंसुद्धा नाहीत. ‘कृपया’ एकदाही नाही आणि तरी उद्धट शब्द एकही नाही. ‘उरलेली आम्ही स्वीकारलेली नाहीत’ हे वाक्य ठेवायला अण्णा तयार नव्हते. त्यावर अर्धा तास गेला. अण्णांची भीती खोटी नव्हती, हे सांगितलं पाहिजे. या कंपनीचा आमच्या भागाला एकच डिस्ट्रिब्युटर आहे. त्याने उधारी बंद करून रोखीवर आणलं किंवा दिवाळीच्या आधी माल कमी दिला, तर ५६ पाकिटांपेक्षा जास्त नुकसान होऊ शकतं. “तू चार दिवसांनी पुण्याला जाशील, मला इथं त्याच्याशी तोंड द्यायचंय,” असं ते म्हणाले. याला माझ्याकडे तोडीस तोड उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की ज्या संबंधात तुम्हाला वजाबाकी करायची भीती वाटते, त्याला जुने संबंध म्हणू नका.

पत्र त्याच दिवशी व्हॉट्सॲपवरही गेलं, म्हणजे तारखेचा पुरावा राहिला. संध्याकाळी फोन आला. “अण्णा, इतकी वर्षं झाली, पत्रं कसली लिहिताय? एक फोन करायचा.”

फोन म्हणजे पुन्हा लोभ. फोनवर ‘बघतो’ असं सांगता येतं आणि ‘बघतो’ची क्रेडिट नोट निघत नाही. पण या वेळी कागद समोर होता, त्यामुळे बोलणं कागदावरच आलं. आधी तो म्हणाला की जीएसटीमुळे क्रेडिट नोट देता येत नाही. हे बऱ्याच दुकानदारांना ऐकवलं जातं आणि ते खोटं आहे. जीएसटी कायद्याचं कलम ३४ त्याचसाठी आहे: माल परत आला किंवा मालात उणीव निघाली तर पुरवठादार क्रेडिट नोट देऊ शकतो, आणि त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ती रिटर्नमध्ये दाखवून आपला कर कमी करू शकतो. अण्णा कंपोझिशनमध्ये आहेत, त्यांनी त्या बिलावरच्या कराची वजावट घेतलेलीच नसते, त्यामुळे त्यांच्या बाजूने उलटवायलाही काही नसतं.

मग तो खरं बोलला. कंपनीनेच त्याच्या गळ्यात जुना माल मारला होता, महिनाअखेरचं टार्गेट होतं, आणि मुदत संपलेल्या मालाची भरपाई कंपनी ठरावीक टक्क्यांपर्यंतच देते, त्यापुढचं त्याच्या अंगावर. मला हे पटतं. तोही मधलाच माणूस आहे. पण मग त्यानेही कंपनीला असंच पत्र लिहावं. स्वतःचा तोटा खालच्याला कळू न देता त्याच्या बिलात घालणं हा त्याच्या अडचणीवरचा उपाय नाही. आणि ती आकर्षक स्कीम? जुना माल न सांगता खपवण्याचं याहून सोपं साधन नाही. सूट तारखेबद्दल होती, सांगितली संख्येबद्दल.

अखेर असं ठरलं: न फोडलेली ३० ची पेटी त्याने परत नेली, तिचे १,४४० रुपये. सुटी २६ पाकिटं आम्ही ठेवायची, त्यांवर पाकिटामागे २४ रुपये, म्हणजे ६२४. एकूण २,०६४ रुपयांची क्रेडिट नोट पुढच्या बिलात वळती झाली. अण्णांनी त्या सुट्या पाकिटांपुढे पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलं: ‘मुदत ३० जून. म्हणून ५५ चे ४० रुपये.’ एरवी आपल्याकडे जवळच्या तारखेचा माल पुढे मांडतात आणि काही बोलत नाहीत. मग जो उलटून बघत नाही, ज्याला बारीक छापलेलं दिसत नाही, ज्याला वाचताच येत नाही, तो पूर्ण किंमत देऊन ते नेतो. गोदामातला शून्य असा उतरत उतरत शेवटी त्याच्यापर्यंत पोहोचतो. अण्णांनीही पूर्वी असं केलं आहे, ते मला त्यांनीच सांगितलं. या वेळी पाटी लावली आणि २६ पाकिटं आठवड्याच्या आत गेली. लोकांनी वाचून, समजून नेली. मलाही नेमकं हेच म्हणायचं आहे. जवळच्या तारखेचा माल पाठवूच नका, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर चांगलं अन्न फेकलं जाईल. तारीख सांगा आणि किंमत तिच्याप्रमाणे लावा. २२ दिवसांची शेव आणि १०० दिवसांची शेव या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्या एकाच नावाने, एकाच दराने विकणं ही लबाडी आहे, मग ती माणसाने केलेली असो वा रिकाम्या रकान्याने.

पत्रातल्या एका ओळीला मात्र अजून उत्तर नाही. त्यानंतरही बिलं येतात, त्यांवर नग असतात, दर असतो, स्कीम असते. तारीख नसते.

टेम्पोवाला पोरगा ती पेटी न्यायला आला तेव्हा अण्णा पायरीवर उभे होते. गाडी वळेपर्यंत बघत राहिले. मग आत येऊन म्हणाले, “आपलं निभावलं. पण ती पेटी आता जाणार कुणाकडे?”

मला ठाऊक होतं. गोदामात तिची नोंद पुन्हा जमेला पडणार, १२० पैकी १८ दिवस उरलेली, म्हणजे सगळ्यांत जुनी, म्हणजे रांगेत सगळ्यांत पुढे. पुढची ऑर्डर ज्याची, आणि ज्याच्या रकान्यात शून्य, त्याच्याकडे. त्याला पत्र लिहिता येतं की नाही, हे विचारणारा रकाना आम्ही ठेवलेला नव्हता.